‘३ ते ६’ म्हणजे नक्की कधी?

आज सकाळी आठच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येऊन पडला. "गणपती बाप्पा मोरया! यंदाच्या उत्सवासाठी स्वयंसेवक हवे आहेत. खालील यादी कॉपी करून आपल्या सोयीच्या वेळेपुढे नाव टाकावे व परत ग्रुपवर पाठवावी." खाली १४ सप्टेंबरपासून विसर्जनापर्यंतचे वार, प्रत्येक वारापुढे वेळा आणि वेळांपुढे रिकाम्या रेघा. वर तीन मोदक, दोन फुलं, हात जोडलेले.

आणि त्यात पुन्हा तेच. "शुक्र. १८ : १२ ते ३ ___, ३ ते ६ ___".

३ ते ६ कधी? दुपारी? पहाटे? आणि पहाटे असेल, तर शुक्रवार उजाडायच्या आधी की शुक्रवारची रात्र सरताना? गेल्या वर्षी या एका ओळीवरून एवढं रामायण झालं आणि यंदा तोच मेसेज, फक्त तारखा बदलून. चहा गार झाला माझा. बायको म्हणाली, ग्रुपवर लिहू नकोस, भांडण होईल. म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमची सोसायटी पुण्यातली, तीन विंगा, ८४ फ्लॅट. पार्किंगमध्ये मांडव, सात दिवसांचा गणपती, समई अखंड. त्यामुळे रात्री मूर्तीपाशी कोणीतरी लागतंच. पोलिसांच्या सूचना असतात त्या वेगळ्या, पण आम्हाला खरी धास्ती समईची. मागे पडदा, वर थर्माकोल जाऊन आता आलेली कापडी सजावट, बाजूला वायरी आणि पार्किंगमधली मांजरं. पेटत्या ज्योतीला रात्रभर एकटं सोडायचं नाही, एवढा साधा हिशोब आहे.

गेल्या वर्षी १ सप्टेंबरला, सोमवारी, गौरीजेवण होतं. पुरणपोळ्या खाऊन अख्खी सोसायटी आडवी. त्या रात्री १२ ते ३ ला तळमजल्यावरच्या काकांचं नाव होतं. वय ७४, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ३ ते ६ ला ज्याचं नाव होतं, तो आलाच नाही. काका सहापर्यंत एकटे बसून राहिले. सकाळी लोक खाली आले तेव्हा ते प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसलेले, हातात उदबत्तीची एक जळकी काडी. तिने रात्रभर वाती पुढे सारत होते.

आता मला सांगा, यात चूक कोणाची? माझ्या मते ज्याने यादी बनवली त्याची. "सोम. १ : ३ ते ६" असं लिहिलं होतं. घड्याळ विचाराल तर १ तारीख सुरू होते रविवारी रात्री बाराला. म्हणजे १ तारखेचे पहाटेचे तीन हे रविवारी रात्री झोपल्यानंतरचे तीन. पण आपल्या घरात असा हिशोब कोण करतो? माझी आई म्हणायची, सूर्य उगवल्याशिवाय वार बदलत नाही. पंचांगही वार सूर्योदयापासूनच धरतं. त्या हिशोबाने सोमवारचे पहाटेचे तीन म्हणजे सोमवारी रात्री जेवून झोपल्यानंतरचे तीन. यादी करणाऱ्याच्या डोक्यात हे दुसरं होतं. वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिलं असू शकतं. दोघंही बरोबर आणि मध्ये काका खुर्चीत.

"सोमवार रात्र (मंगळवार उजाडायच्या आधी) पहाटे ३ ते ६" एवढं लिहायला किती वेळ लागतो हो? तीन मोदक टाकायला वेळ आहे!

बरं, ते एक. दुसरं त्याहून वाईट. "यादी कॉपी करून नाव टाकून परत पाठवा." आज दिवसभर मी ही गंमत बघत बसलो होतो. साडेनऊच्या सुमारास बी विंगमधल्या वहिनींनी सकाळची यादी कॉपी केली, त्यात मंगळवारच्या दुर्वा-हारांपुढे नाव लिहायला घेतलं, मध्येच दूधवाला आला असणार. तेवढ्यात ए विंगच्या एकाने आपलं नाव बुधवारच्या आरतीच्या तयारीला टाकून यादी पाठवली. मग वहिनींची आली, जुन्या यादीवरची. त्यात ए विंगवाला नाहीच. त्यानंतर जो आला त्याने सगळ्यात खालची, म्हणजे वहिनींची यादी उचलली. झालं, ए विंगवाला कायमचा गेला. त्याला पत्ताच नाही, तो समजतोय आपण नाव दिलंय. संध्याकाळपर्यंत अशा २३ याद्या आल्या. मी शेवटच्या यादीतली नावं मोजली, १७. नावं एकावर एक साचत गेली असती तर २३ हवी होती. सहा माणसं वाटेत सांडली, आणि अशी सांडलेली माणसं आयत्या वेळी "मी तर नाव दिलं होतं" म्हणून भांडतात. तेही खरंच बोलत असतात.

यावर उपाय काही अवघड नाही. यादी एकाच माणसाने धरायची. बाकीच्यांनी फक्त "बी-३०४, बुधवार सकाळ" एवढंच लिहायचं, आणि धरणाऱ्याने रात्री एकदा ताजी यादी टाकायची. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांनंतर दुरुस्त करता येत नाही, म्हणून रोज नवी टाकायची आणि वर तारीख-वेळ लिहायची. कोणीतरी म्हणालं, पोल टाका. पोलमध्ये पर्याय जास्तीत जास्त बारा. सहा रात्री, प्रत्येकी दोन पाळ्या, तिथेच बारा संपले. दिवसाचं काम कुठे लिहिणार? शिवाय पोलमध्ये एका वेळेला किती जण आले की बस, हे सांगायची सोय नाही. संध्याकाळच्या प्रसादवाटपाला एकोणीस मतं पडतील आणि निर्माल्याला भोपळा.

पडतीलच. आजही तेच झालंय. संध्याकाळच्या आरतीपुढे जागा पुरत नाही म्हणून लोकांनी कंसात नावं घुसवलीत. निर्माल्य, भांडी, रात्र, तिन्ही ठिकाणी बहुतेक रेघा कोऱ्या.

मान्य आहे, सेक्रेटरी हे काम फुकट करतो, ऑफिसमधून आल्यावर. त्याच्या जागी मला उभं केलं तर मीही जुना मेसेजच पुढे ढकलेन.

पूर्वी, सोसायटी एका विंगेची होती तेव्हा, वही घेऊन घरोघर फिरायचे. वहीवाला दारात उभा राहिला की सुटका नाही. "परवा रात्री तुम्ही आणि पलीकडचे, चालेल ना?" चालायचंच. कोऱ्या रेघा बघून आपली सोयीची वेळ निवडायची चैन नव्हती. आज बेल वाजवली तर आतून आवाज येतो, कोण हवंय? आणि खरंच, निम्मे लोक रात्री अमेरिकेच्या वेळेवर काम करतात, त्यांना कुठे बोलवणार. तेही असो.

रात्रीचं एक मात्र मला कळलंय. १२ ते ३ आणि ३ ते ६ अशा दोन पाळ्या केल्या की दोन्ही वाईट. पहिलीवाल्याची अर्धी झोप जाते, दुसरीवाल्याची झोप मधोमध मोडते. त्यापेक्षा १२ ते २, २ ते ४, ४ ते ६ करा. पहिलीला कॉलेजची पोरं येतात, त्यांना तसंही दोनशिवाय झोप नसते. चार ते सहाला सकाळी फिरायला जाणारी मंडळी हसत येतात. सगळी वाईट वेळ मधल्या दोन तासांत गोळा होते, आणि दोन तासांसाठी दोन माणसं शोधणं जमतं. दोन हवीतच. एकटा माणूस बसला तर लघवीला जायचं कसं? काका गेले नाहीत. तीन तासांच्या जागी सहा तास, गुडघा आखडलेला, जागचे हलले नाहीत.

हे मला कसं माहीत? त्यांनी सांगितलं. त्या सकाळी मी आंघोळ करून, कडक कुर्ता घालून आरतीला खाली गेलो आणि त्यांना विचारलं, काय काका, आज लवकर? तर म्हणाले, "अरे, तुझी वाट बघत होतो."

हो. ३ ते ६ ला माझंच नाव होतं.

वरती जे घड्याळाचं आणि पंचांगाचं लिहिलंय ना, ते गेलं वर्षभर मी सगळ्यांना ऐकवतोय. आणि ते खोटं नाही. मी खरंच आदल्या रात्री, रविवारी, अलार्म लावून उठलो होतो, थर्मासमध्ये चहा घेऊन खाली गेलो होतो. तिथे सी विंगची दोन पोरं होती. मला बघून "या काका" म्हणाली आणि खुर्च्या जोडून झोपली. आज तुमची पाळी आहे का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही की तुम्ही कसे. सहा वाजता मी फुशारकीने वर आलो. कर्तव्य पार पाडलं!

पण सोमवारी रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी माझ्या फोनवर काकांचा मिस्ड कॉल होता. एकच. फोन सायलेंटवर. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. यादी चुकली होती, कबूल. पण पाळी बदलताना पुढचा येईपर्यंत उठायचं नाही, हा नियम त्या माणसाने पाळला, आणि पुढच्याचा फोन चालू असायला हवा, एवढं माझ्याकडे होतं. दुसऱ्यांदा फोन का नाही केला, विचारलं तर म्हणाले, "गौरीचं जेवण झालेलं, झोपला असशील." राग नाही, टोमणा नाही. मला टोमणा चालला असता.

त्यांनी मला तेव्हा वात कशी सारायची तेही दाखवलं. काजळी आधी काडीने हलकेच झाडायची, मग वात कणभर पुढे, आणि तेल ज्योतीच्या बाजूने नाही, मागून घालायचं. एकदम पुढे ओढली की ज्योत मोठी होते, धूर धरते, आणि वरचा पडदा पहिला काळा पडतो. त्या रात्री पडदा स्वच्छ होता.

तर आज संध्याकाळी मी यादीत नाव टाकलं. शुक्रवारची रात्र, शनिवार उजाडायच्या आधी, पहाटे ३ ते ६, असं सगळं सविस्तर लिहून. वरच्या ओळीत, १२ ते ३ पुढे, काकांचं नाव आधीच होतं. यंदाही. म्हटलं, चला.

आणि हे टाइप करता करता ग्रुप उघडला, तर सी विंगमधल्या कोणीतरी सकाळची यादी कॉपी करून रविवारच्या प्रसादाला नाव टाकलंय. माझी ओळ गेली. काकांचीही गेली.

पावणेअकरा झालेत. काकांच्या खिडकीत दिवा दिसतोय. खाली जाऊन सांगून येतो, ग्रुप बघू नका, आपलं ठरलंय म्हणून.