‘Documents not proper’ म्हणजे नक्की कोणता कागद?

शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत सात कागद अपलोड केले होते माझ्या भावाने. ओळखपत्र, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, प्रवेशाची पावती, फीची पावती, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि फोटो. अडीच महिन्यांनी पोर्टलवर लाल अक्षरांत `Rejected` आणि खाली शेऱ्यात तीन शब्द: `Documents not proper`. बस्स. सातातला कुठला? काय चुकलं? मुदत संपलेली, नाव जुळत नाही, शिक्का दिसत नाही, की फाईलच उघडली नाही? एका पोराचं वर्षभराचं शिक्षण त्या तीन शब्दांवर अडकवून ठेवायला यांना काहीच कसं वाटत नाही?

अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवला असता तर निदान दुरुस्तीचं बटण उघडं राहिलं असतं, चुकीचा कागद काढून नवा टाकता आला असता. थेट नाकारल्यावर अर्जाला कुलूपच लागतं आणि मग अपील हा एकच रस्ता उरतो. त्याची मुदत पंधरा दिवस, तीसुद्धा निर्णयाच्या तारखेपासून. मेसेज नाही, मेल नाही. आम्ही सहज पोर्टल उघडून पाहिलं तेव्हा त्यातले नऊ दिवस गेले होते.

पहिलं पत्र भावाने रात्री बसून लिहिलं. घरची परिस्थिती, मार्क, ‘कृपया सहानुभूतीने विचार व्हावा’. वाचून माझ्याच पोटात तुटलं. पण त्यात अपील कशावर आहे हेच नव्हतं. सोबत मोबाईलवरचे दोन स्क्रीनशॉट जोडले होते. एकात वरचा अर्ज क्रमांक, दुसऱ्यात खालचा शेरा. दोन्ही एकाच अर्जाचे आहेत हे त्यावरून कळेना, म्हणून खिडकीवरून पत्र परत. तो शेरा त्यांनीच लिहिलेला, त्यांच्याच पोर्टलवर आहे, क्रमांक टाकला की त्यांना दिसतो, तरी पुरावा आम्ही द्यायचा!

मग कॉम्प्युटरवर ते पान उघडलं आणि सगळं एकाच पीडीएफमध्ये छापून घेतलं, म्हणजे अर्ज क्रमांक, निर्णयाची तारीख, स्थिती आणि शेरा एकत्र आले. आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते तेव्हा केलं. आपल्या फोल्डरमधल्या फाईली बाजूला ठेवून पोर्टलवर `View` दाबलं आणि त्यांच्याकडे जे पोचलंय तेच एकेक करून पाहिलं. सहा कागद स्वच्छ. उत्पन्नाचा दाखला उघडला तर त्यावरचा क्रमांक म्हणजे नुसता करडा डाग. आठ की तीन, शून्य की सहा, काही कळत नव्हतं.

कारणही तिथेच होतं. पोर्टलची मर्यादा २५६ केबी. दाखला ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलेला, फाईल जवळपास २ एमबी. ती दाबून दाबून बसवली आणि बारीक अक्षरं गेली. तोच कागद १५० डीपीआयवर ग्रेस्केलमध्ये स्कॅन केला तर १८० केबीत आला आणि क्रमांक लख्ख वाचता आला. पाच मिनिटांचं काम. ‘उत्पन्नाच्या दाखल्यावरचा क्रमांक वाचता येत नाही’ एवढं एक वाक्य शेऱ्यात लिहिलं असतं तर ते काम आम्ही त्याच दिवशी केलं असतं! तपासणाऱ्याला तो डाग दिसलाच असणार, दिसला म्हणूनच अर्ज नाकारला. मग जे दिसलं ते लिहायला हात का आखडला?

दुसरं पत्र एका पानाचं. विषयातच अर्ज क्रमांक आणि निर्णयाची तारीख. पहिल्या परिच्छेदात शेरा जसाच्या तसा. मग सातही कागदांची नावं, प्रत्येकापुढे दिल्याची तारीख आणि वैधता. दाखला अर्ज भरला त्या दिवशी वैध होता, फक्त स्कॅन अस्पष्ट होतं, हे सरळ कबूल केलं, कारण खोटं बोलून उपयोग नव्हता आणि गरजही नव्हती. नवं स्कॅन आणि साक्षांकित प्रत जोडली. शेवटी दोन मागण्या: हा कागद बदलून फेरतपासणी करा, आणि आणखी कशात त्रुटी असेल तर कागदाचं नाव घेऊन लेखी कळवा. ही दुसरी मागणी मी हट्टाने घालायला लावली. नाहीतर महिन्याभराने तेच तीन शब्द पुन्हा आले असते.

तेराव्या दिवशी पत्र दिलं. खिडकीवरचे म्हणाले, ठेवून जा. मी म्हटलं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक हवा, त्याशिवाय हलणार नाही. वीस मिनिटं उभी राहिले, पण पोच घेतली. मुदतीत अपील केल्याचा तेवढाच एक कागद आमच्या हातात आहे.

आज अठरा दिवस झाले. पोर्टलवर अजून `Rejected`, खाली तेच तीन शब्द. कॉलेजची फी भरायची तारीख पुढच्या सोमवारी आहे आणि भाऊ दर तासाला ते पान रिफ्रेश करतोय.