बाण नसलेला वाग्बाण

कॉलेजात वादविवाद स्पर्धांत बोलायचो, तेव्हा माझ्याकडे टोमण्यांची एक वही होती. दुसरे वक्ते विषयाची टिपणं काढायचे, तेव्हा मी टोमणे घासूनपुसून ठेवायचो. त्यातला माझा सगळ्यात लाडका: "समोरचे वक्ते उत्तम बोलले, फक्त कशावर ते सांगायला विसरले." हा मी फाशीच्या शिक्षेवर वापरला, गणवेशावर वापरला आणि एकदा झोपेच्या तंद्रीत स्वतःच्याच जोडीदारावर वापरला. कुठेही फिट बसायचा, याचा मला फार अभिमान होता.

त्या दिवशीचा विषय होता, 'वर्गातील हजेरीची सक्ती रद्द करावी'. आम्ही बाजूने. प्रत्येकाला सात मिनिटं. विरोधी गटाची पहिली वक्ता उठली आणि शांतपणे एकच मुद्दा लावून धरला. हुशार मुलं सक्ती नसली तरी अभ्यास करतील. पण जो मागे पडतोय त्याला आपण मागे पडतोय हेच कळत नाही, परीक्षेतच कळतं. सलग आठ दिवस गैरहजर दिसला तर निदान कुणीतरी विचारतं. म्हणजे हजेरी ही शिक्षा नाही, लवकर वाजणारी धोक्याची घंटा आहे.

मुद्दा चांगला होता. इतका चांगला, की उत्तर सुचेना. अशा वेळी माणूस वहीकडे वळतो, पण मला जागच्या जागी नवीनच सुचलं. मी उठलो, दोन सेकंद थांबलो (हे थांबणंही वहीत लिहिलेलं होतं) आणि म्हणालो, "माझ्या प्रतिस्पर्धी हजेरीच्या एवढ्या बाजूने आहेत, पण त्यांचे मुद्दे आज गैरहजर आहेत!"

सभागृह कोसळलं. मागून शिट्ट्या आल्या. टाळ्या थांबेपर्यंत माझी चाळीस सेकंदं गेली, पण मी ती खुशीने जाऊ दिली. उरलेला वेळ विद्यार्थ्याच्या स्वातंत्र्यावर बोललो. ते भाषण आधीच पाठ होतं.

मग त्यांचा दुसरा वक्ता आला. तो म्हणाला, "टाळ्या छान होत्या, मीही वाजवल्या. आता धोक्याच्या घंटेचा मुद्दा. त्याला उत्तर आलेलं नाही, तेव्हा तो मान्य आहे असं धरून पुढे जातो." आणि खरंच पुढे गेला. इतक्या सौजन्याने माझा पाणउतारा यापूर्वी कुणी केला नव्हता.

उत्तर नव्हतं असं नाही. ते मला जिन्यावरून उतरताना सापडलं. घंटा हवीच, पण हजेरीपट फक्त देह मोजतो. शेवटच्या बाकावर घोरणारा शंभर टक्के हजर असतो, म्हणून त्याच्यासाठी ही घंटा कधीच वाजत नाही. दर पंधरा दिवसांनी छोटी चाचणी घेतली, तर ती वाजेल. यातही घोरण्यावर हशा मिळाला असता. फरक एवढाच, की हशा वजा केला तरी मागे 'म्हणून' उरला असता. माझ्या टोमण्यातून हशा काढला, तर खाली खुर्चीसुद्धा उरत नव्हती.

आमची अब्रू राखली ती माझ्या जोडीदाराने. तिला विनोदबुद्धी नाही, असं माझं ठाम मत होतं. तो दुसरा वक्ता ओघात म्हणाला, "सक्ती काढली, तर वर्गात कुणी फिरकणार नाही." ही लगेच प्रश्नासाठी उठली. अशा प्रश्नाला जेमतेम पंधरा सेकंद मिळतात, तिने पाचच घेतले. "आत्ता इथे कुणाचीच हजेरी घेतलेली नाही. मग ही मुलं पायऱ्यांवर का बसलीत?"

माझ्याहून मोठा हशा. आणि हा हशा म्हणजेच उत्तर होतं, कारण 'कुणी फिरकणार नाही' याला खोटं पाडणारा पुरावा पायऱ्यांवर दाटीवाटीने बसून टाळ्या पिटत होता. गंमत म्हणजे तोही गडी कच्चा नव्हता. म्हणाला, "इथे दर सात मिनिटांनी घंटा वाजते आणि बोलणारा बदलतो. वर्गात ती सोय आहे का?" पुन्हा हशा, पण त्याने तिचं उदाहरणच तिच्या हातून काढून घेतलं होतं. वर्ग आणि सभागृह एक नव्हे, हे तो सांगून गेला होता. मी दोघांकडे टेनिस बघावं तसा बघत होतो.

आम्ही हरलो. आमच्या स्पर्धेत आशयाला ४०, सादरीकरणाला ४० आणि रचनेला २० गुण असत. मला सादरीकरणात ३२ मिळाले, आशयात २५. मी तावातावाने परीक्षकांकडे गेलो. त्यांनी कागदच पुढे केला. दोन्ही गटांसाठी दोन रकाने, प्रत्येक मुद्दा एका ओळीत आणि ज्याला उत्तर मिळालं तिथून समोर बाण. जोडीदाराच्या पायऱ्यांपासून एक बाण निघाला होता, त्या गड्याच्या सात मिनिटांच्या घंटेपासून उलटा बाण परत आला होता. 'धोक्याची घंटा' या ओळीसमोर मात्र कोरी जागा. माझा टोमणा कागदाच्या कोपऱ्यात, चौकटीत, सुवाच्य अक्षरात उतरवलेला होता. त्याला ना मागे बाण, ना पुढे.

"पण सर, लिहून तर घेतलात की!" मी म्हणालो.

"हो," ते म्हणाले, "घरी बायकोला सांगायला."