काळ बदलला म्हणून लाल रेघ?

आज भाचीची मराठीची वही हातात आली आणि डोकं फिरलं. आठवीत आहे ती. 'घरात ऐकलेली एक आठवण' असा निबंधाचा विषय होता, आणि तिने आमच्या आजीची, म्हणजे तिच्या पणजीची, गोष्ट लिहिली होती. पणजी तिने पाहिलेली नाही. गोष्ट आईच्या आणि माझ्या तोंडून ऐकलेली. इतकी छान लिहिली होती की वाचता वाचता माझ्या घशात दाटून आलं. आणि त्यावर लाल पेनाच्या रेघा. समासात शेरा : 'संपूर्ण निबंधात एकच काळ ठेवा.'

तिची वाक्यं अशी होती : 'पणजीला कळलं की बाहेर कुणीतरी आहे. ती अंधारात उठली. ती हळूच दार उघडते, तर समोर चार सैनिक!'

यातल्या 'आहे'चं 'होते' केलंय आणि 'उघडते'चं 'उघडले'. म्हणजे आता वहीत वाक्य आहे, 'ती हळूच दार उघडले'. हे मराठी आहे? 'उघडले' आणायचं तर 'ती'ची 'तिने' करावी लागते, एवढं तरी बघायचं! बरोबर वाक्य चुकीचं करून त्याचे गुणही कापलेत.

आधी त्या 'आहे'बद्दल बोलते, कारण तिथे माझा राग जास्त आहे. इंग्रजीच्या तासाला आपण सगळेच शिकलो की मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की मागचंही भूतकाळात ओढायचं. इंग्रजीत तसा नियम आहे, असू दे. मराठीत तो नाही. आपण म्हणतो, 'डॉक्टरांनी सांगितलं की ताप आहे.' 'तो म्हणाला, मला बरं वाटत नाही.' ज्या क्षणी कळलं, त्या क्षणी जे चालू होतं ते मराठीत वर्तमानातच राहतं. 'डॉक्टरांनी सांगितलं की ताप होता' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, आता उतरला असणार. तसंच 'पणजीला कळलं की बाहेर कुणीतरी होतं' असं वाचलं की माणसं येऊन निघून गेली की काय, अशी शंका येते. आणि इथे तर ती दाराबाहेर उभी आहेत, कडी वाजवताहेत! भाचीने कानाने लिहिलं होतं आणि कान अगदी बरोबर होता.

आता आजीबद्दल. तिचं घर गोव्यात, मांडवी नदीकाठच्या बेतीला, चढावर. १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी, पोर्तुगिजांकडून गोवा सोडवायला निघालेलं भारतीय सैन्य बेतीपर्यंत आलं होतं, आणि मांडवी ओलांडून पणजी शहरात गेलं ते १९ च्या सकाळी. मधली जी रात्र, ती आजीची गोष्ट. आजोबा घरी नव्हते. दोन पोरं झोपलेली, दिवा विझवलेला. ही गोष्ट आजी कोकणीतून सांगायची, आम्ही लिहितो मराठीतून, पण काळाचा हा खेळ दोन्हीकडे सारखाच आहे. सुरुवात ती नेहमी भूतकाळात करायची. काळोख होता, कुत्री भुंकत होती, पोरांना उठवलं नव्हतं. आणि मग आवाज खाली आणून म्हणायची, 'हांव दार उगडटां, पळयतां जाल्यार फुड्यांत सोजेर!'

उगडटां. उघडते. तिथे ती कधीच 'उघडलं' म्हणाली नाही. ऐकणाऱ्या आम्हा पोरांना सगळं माहीत असायचं, पुढचं वाक्यही पाठ असायचं, तरी त्या एका क्रियापदापाशी आम्ही आजीच्या पाठीमागे त्या दारात उभे असायचो. सैनिक हिंदीत पाणी मागतो, तिला भाषा कळत नाही, तो ओंजळ तोंडाशी नेऊन दाखवतो, ती कळशी आणून देते. इथवर सगळं वर्तमानात. आणि मग शांतपणे, पुन्हा भूतकाळात : पाणी प्यायले आणि खाली नदीकडे गेले.

व्याकरणाच्या पुस्तकांत याला ऐतिहासिक वर्तमान म्हणतात. म्हणजे ही काही पोराटोरांची चूक नव्हे, तिला नाव आहे. आणि पुस्तक कशाला हवं? 'बघतो तर काय' हे आपण दिवसातून कितीदा म्हणतो! 'काल मी घरी पोचलो, बघतो तर काय, दार सताड उघडं!' पोचलो भूतकाळ, बघतो वर्तमानकाळ, एकाच वाक्यात, आणि कुणाच्याही कानाला खटकत नाही. शेरा मारणाऱ्यांच्या घरीही असंच बोलत असणार. कीर्तनात बुवा हनुमंताची उडी सांगतात तेव्हा 'हनुमंत उडी घेतात' असंच म्हणतात ना? 'ज्ञानेश्वर म्हणतात' असं लिहिताना सातशे वर्षं मध्ये गेली म्हणून कुणी 'म्हणाले' करायला लावत नाही, कारण ओवी आजही समोर आहे.

हो, शिक्षकांच्या बाजूनेही एक गोष्ट आहे, ती मान्य करते. मुलं बऱ्याचदा काळ बदलतात ते भान हरवून बदलतात. 'आम्ही बसमधून उतरलो. सगळे डबे खातात. मग आम्ही किल्ला पाहिला.' यातलं 'खातात' कशासाठी आहे ते लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. पन्नास वह्या तपासताना प्रत्येक ठिकाणी हा विचार करायला वेळ नसतो, तेही समजतं. पण मग मुलाला विचारा ना, इथे का बदललास? एवढा एक प्रश्न.

कारण फरक ओळखता येतो. मी बरीच वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर मजकूर तपासत होते, आणि तिथे हाताला लागलेली खूण सांगते. आजी काळ बदलायची ते गोष्ट वळते त्या जागी. दार उघडतं तिथे आत शिरायची, सैनिक पाणी पितात तिथे बाहेर यायची, आणि मधल्या सगळ्या कृती वर्तमानात धरून ठेवायची. मध्येच मागचं काही सांगायचं झालं, 'आजोबा आदल्या दिवशी म्हापशाला गेले होते', तर ते 'गेले होते'च. तो तुकडा त्या रात्रीच्या आधीचा, म्हणून तो मागेच राहतो, आणि त्यामुळे वर्तमान बिघडत नाही. सहलीच्या निबंधातलं 'खातात' मात्र एकटंच येतं. त्याच्या आधी काही वळत नाही, नंतर काही बदलत नाही. तिथे खुशाल 'सगळ्यांनी डबे खाल्ले' करा, काही बिघडणार नाही.

दुसरी खूण तर निव्वळ मराठीची. आपल्याकडे सकर्मक क्रियापदाचा काळ बदलला की बहुतेकदा कर्त्याचंही रूप बदलतं. 'ती दार उघडते', पण 'तिने दार उघडलं'. वर्तमानात क्रियापद तिच्यामागे जातं, भूतकाळात ते दारामागे जातं. म्हणून अशा एकाच कर्त्यावर दोन काळ लादले की वाक्य मोडतं. 'तिने कडी काढली आणि बाहेर बघते' हे अडखळतं, कारण 'बघते'ला 'ती' हवी आणि मागे बसलीय 'तिने'. उपाय सोपा आहे : 'कडी काढून ती बाहेर बघते', नाहीतर सरळ पूर्णविराम देऊन नवं वाक्य. भाचीने नेमकं हेच केलं होतं. 'ती अंधारात उठली.' पूर्णविराम. 'ती हळूच दार उघडते.' तेरा वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं. हे लिहितानाही मला तिचं कौतुक वाटतंय आणि राग थोडा निवळलाय.

निवळला म्हणते तोच मोबाईलवर बातमी आली. गोव्यातलीच, एका पोर्टलवरची. अपघाताची. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, घरच्यांना त्रास नको. शीर्षक साधारण असं : 'भरधाव ट्रक दुचाकीला धडक देतो आणि तरुण जागीच कोसळतो...' पुढे तीन टिंबं.

इथे, फक्त इथे, लाल पेन हवं होतं!

इंग्रजी वृत्तपत्रं कालची घटना शीर्षकात वर्तमानकाळात देतात, ती त्यांची रीत आहे आणि त्यांच्या वाचकाला ती कळते. मराठी शीर्षकाची रीत वेगळी. आपण क्रियापदच गाळतो. 'अपघातात दुचाकीस्वार ठार.' 'दोघे जखमी.' 'मुख्यमंत्री दिल्लीला रवाना.' पुढचं सांगायचं तर 'णार' : 'शाळा सोमवारपासून सुरू होणार.' क्रियापद आलंच तर 'सुनावणी पुढे ढकलली', सरळ भूतकाळ. डेस्कवर नवीन मुलं इंग्रजी वृत्तसंस्थेची तार समोर ठेवून 'अपघातात दोघे मरतात' असं लिहून आणायची, तेव्हा आम्ही त्यांना बसवून सांगायचो की मराठीत हे वाचलं तर रोज दोघे मरतात असा अर्थ होतो. साधा वर्तमानकाळ आपल्याकडे आधी सवय सांगतो. तो रोज पेज जेवतो, सूर्य पूर्वेला उगवतो. गोष्टीत तो सवयीचा राहत नाही, कारण आधीच्या भूतकाळाने जागा आणि वेळ बांधून दिलेली असते. शीर्षकाच्या आधी काहीच नसतं.

आणि त्या पोर्टलवाल्यांना हे कळत नाही असंही नाही. त्यांना ते नाट्य हवंच आहे. वर्तमानकाळात सांगणारा माणूस 'मी बघतोय, तुम्हीही बघा' असं म्हणत असतो. आजीला तो हक्क होता. दार तिने उघडलं होतं, भीती तिची होती. या बातमीदाराने काय पाहिलं? पोलिसांकडून मिळालेली माहिती. फिर्यादीच्या जबाबात घडलेली घटना भूतकाळात असते, कारण तिथे प्रत्येक वाक्याची जबाबदारी कुणावर तरी असते. त्याच माहितीवरून कुणाच्या मुलाचं मरण 'कोसळतो...' करून टिंबं लावायची, म्हणजे लोकांनी पुढे काय होतं म्हणून क्लिक करावं! त्या मुलाची आई हे वाचणार आहे. तिच्यासाठी तो पुन्हा पुन्हा कोसळत राहणार.

सीसीटीव्हीचं चित्रण दाखवताना 'ट्रक डावीकडून येतो, इथे वळतो' असं सांगितलं तर माझी हरकत नाही. तिथे बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते घडतंय, आणि शब्द फक्त बोट दाखवताहेत. पण या बातमीत चित्रण नव्हतं. ट्रकचा एक जुना फोटो होता, तोही दुसऱ्याच ट्रकचा.

'ट्रकच्या धडकेत दुचाकीस्वार तरुण ठार.' एवढं पुरे होतं. खाली कुठे, किती वाजता, पोलीस काय म्हणाले, सगळं भूतकाळात. मी त्यांना तसं कळवलंय. शीर्षक बदललं तर इथे कमेंटमध्ये सांगेन.