रक्ताचा ठिपका म्हणजे पिल्लू नव्हे

“पोल्ट्रीचं पांढरं अंडं शाकाहारी आणि गावरान तांबडं मांसाहारी. ओळखायचं सोपं आहे: फोडल्यावर रक्ताचा ठिपका दिसला की समजायचं, पिल्लू धरलंय.”

असं बरेचदा ऐकू येतं, पण ते चुकीचं आहे. आधी रंग. तो कोंबडीच्या जातीवर ठरतो, कोंबड्यावर नाही. विट्याकडच्या लेअर पोल्ट्रीत पिंजऱ्यात कोंबडा नसतोच, त्यामुळे तिथलं अंडं फलित होत नाही. पण तांबडी अंडी देणाऱ्या जाती तशाच पाळल्या तर त्यांचंही होणार नाही. उलट, कोंबड्यासोबत फिरणाऱ्या कोंबडीचं पांढरं अंडंही फलित असू शकतं. आणि कोंबडा विकून टाकला म्हणून लगेच फरक पडत नाही, कारण त्याचं वीर्य कोंबडीच्या अंडनलिकेत दोन-एक आठवडे टिकतं.

रक्ताच्या ठिपक्याचा फलनाशी संबंधच नाही. बलक अंडाशयातून सुटताना तिथली बारीक रक्तवाहिनी फुटली की तो थेंब बलकाला चिकटून येतो. पोल्ट्रीच्या अंड्यातही तो निघतो. चमच्याच्या टोकाने काढा आणि खा. पांढऱ्यातली पिळदार दोरी पाहूनही काहीजण दचकतात; ती फक्त बलक मधोमध धरून ठेवते.

खरी खूण बलकावरच असते. अंडं ताटलीत फोडा आणि बलकावरचा 3-4 मिलिमीटरचा पांढुरका ठिपका शोधा. तो खाली गेला असेल तर बलक चमच्याने हलकेच फिरवा. ठिपका भरीव, कडा वेड्यावाकड्या असतील तर अंडं फलित नाही. मध्ये जरा पारदर्शक आणि भोवती गोल पांढरं कडं असेल तर फलित. टॉर्चवर धरून ताज्या अंड्यात हे कळत नाही; खुडूक कोंबडीखाली रवणाला ठेवल्यावर चार-पाच दिवसांनी रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं, तेव्हा कळतं.

फलित असलं तरी ऊब मिळाल्याशिवाय पिल्लू वाढत नाही. अंडं घातलं जातं तेव्हा त्या ठिपक्यात हजारो पेशी असतात. साधारण 20 अंशांखाली वाढ थांबते आणि पिल्लासाठी 37.5 अंशांच्या आसपासची ऊब 21 दिवस लागते. मात्र सांगलीच्या मे महिन्यात गावरान अंडी चुलीजवळच्या टोपलीत आठवडाभर राहिली, तर वाढ अर्धवट सुरू होऊन मरते आणि बलकावर लाल कडं दिसतं. असं अंडं टाकून द्यावं. उन्हाळ्यात गावरान अंडी आणल्या दिवशीच फ्रीजमध्ये ठेवावीत.

राहिला शाकाहाराचा प्रश्न. काय खायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण अन्नाच्या लेबलचा कायदा फलित-अफलित असा भेद करत नाही: कोणतंही अंडं घातलेल्या पाकीटबंद केकवर मांसाहाराचं तपकिरी चिन्हच लागतं.