अ‍ॅक्युरसी वाढतेय म्हणून व्हॅलिडेशन लॉसकडे काणाडोळा करू नका

"फायनल इयरवाल्यांनो, लॉस कर्व्ह बघून घाबरू नका. १) दोन रेषांत अंतर पडलं की ओव्हरफिटिंग, एवढंच लक्षात ठेवा. २) पण व्हॅलिडेशन लॉस वर गेला तरी अ‍ॅक्युरसी वाढत असेल तर ट्रेनिंग चालू ठेवा, लॉस कोण बघत नाही. ३) डेटा रँडम ८०-२० तोडला की व्हॅलिडेशनचं काम झालं. ४) व्हॅलिडेशन लॉस ट्रेनिंगपेक्षा खाली दिसला तर कोड चुकलाय, पहिल्यापासून करा. पुढे पाठवा."

हा मेसेज माझ्या भाचीच्या कॉलेजच्या ग्रुपवर फिरतोय. मला तो कळला तेव्हा तिनं त्यातल्या दुसऱ्या मुद्द्यावर विसंबून मॉडेल २५ एपॉकपर्यंत पळवलं होतं आणि पुढच्या आठवड्यात ते शिरोळच्या शेतकऱ्यांना दाखवायला निघाली होती. उसाच्या पानाचा फोटो काढायचा, मॉडेल सांगणार तांबेरा आहे, तपकिरी ठिपके आहेत, पोक्का बोइंग आहे की पान निरोगी आहे. करवीर आणि शिरोळमधल्या ११ प्लॉटांतले १,००० फोटो तिनं स्वतः पावसाळाभर फिरून काढलेत. इतक्या मेहनतीवर चार ओळींच्या मेसेजनं पाणी पडत असेल तर मी गप्प बसणार नाही.

दुसऱ्या मुद्द्यापासूनच सुरू करतो, कारण नुकसान तिथं आहे.

तिच्याकडे व्हॅलिडेशनचे २०० फोटो होते. सातव्या एपॉकला ट्रेनिंग लॉस ०.३८, व्हॅलिडेशन लॉस ०.५१ आणि २०० पैकी १६८ फोटो बरोबर, म्हणजे ८४ टक्के. पंचविसाव्या एपॉकला ट्रेनिंग लॉस ०.०३ वर आलेला, व्हॅलिडेशन लॉस ०.८९ वर चढलेला आणि १७२ फोटो बरोबर, म्हणजे ८६ टक्के. "मामा, अ‍ॅक्युरसी तर वाढलीय, मग तू चिडलायस कशाला?" असं तिनं विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट देतो.

अ‍ॅक्युरसी फक्त एवढंच बघते की सगळ्यात जास्त गुण मिळालेलं उत्तर बरोबर होतं का. लॉस बघतो की खऱ्या उत्तराला मॉडेलनं किती शक्यता दिली. त्या शक्यतेचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा आणि उणे चिन्ह लावायचं, तो त्या फोटोचा लॉस. खऱ्या उत्तराला ०.९ दिले तर लॉस ०.११. ०.३ दिले तर १.२०. ०.००१ दिले तर ६.९१. चूक ठामपणे केली की लॉस असा झपाट्यानं वाढतो.

आता तिच्याच एका फोटोकडे बघू. तांबेऱ्याची अगदी सुरुवात, पानावर बारीक, लांबट, पिवळसर ठिपके, अजून बोटाला नारिंगी भुकटी लागावी इतका रोग वाढलेला नाही. सातव्या एपॉकचं मॉडेल या पानाला निरोगी ०.४५ आणि तांबेरा ०.३० म्हणत होतं. चुकीचंच, पण साशंक. पंचविसाव्या एपॉकचं मॉडेल त्याच पानाला निरोगी ०.९९ आणि तांबेरा ०.००१ म्हणतं. अ‍ॅक्युरसीच्या हिशेबात दोन्ही वेळा एक चूक, फरक शून्य. लॉसच्या हिशेबात १.२० चे ६.९१ झाले.

हा फरक कागदावरचा नाही. तिच्या ॲपमध्ये नियम आहे की सगळ्यात वरची शक्यता ०.७० च्या खाली असेल तर उत्तर द्यायचं नाही, 'कृषी सहाय्यकांना पान दाखवा' असं सांगायचं. सातव्या एपॉकच्या मॉडेलनं हे पान माणसाकडे पाठवलं असतं. पंचविसाव्याचं मॉडेल शेतकऱ्याला ठणकावून सांगणार की पान निरोगी आहे. तो घरी जाणार आणि दोन आठवड्यांत तांबेरा फडभर पसरणार. म्हणे लॉस कोण बघत नाही!

मी तिला २०० फोटोंचा लॉस वेगळा काढायला लावला, बरोबर ओळखलेल्यांचा एक आणि चुकलेल्यांचा एक. `y_val` मध्ये वर्गांचे क्रमांक असतील तर चार ओळींचं काम आहे:

```python
p = model.predict(x_val)
ok = p.argmax(axis=1) == y_val
loss = -np.log(p[np.arange(len(y_val)), y_val] + 1e-7)
print(loss[ok].mean(), loss[~ok].mean())
```

सातव्या एपॉकला बरोबर फोटोंची सरासरी ०.३० आणि चुकलेल्या ३२ फोटोंची १.६ आली. पंचविसाव्याला बरोबर फोटोंची ०.०२ आणि चुकलेल्या २८ फोटोंची ६.२. म्हणजे सगळी चढण त्या २८ फोटोंनी आणलीय. ट्रेनिंगचे फोटो एव्हाना जवळजवळ सगळे बरोबर येतात, तरी ट्रेनिंग लॉस अजून खाली ओढायचा तर मॉडेलपुढे एकच वाट उरते: आपल्या उत्तरांवरचा विश्वास फुगवत नेणं. नव्या फोटोंवर तोच फुगलेला विश्वास चुकीच्या उत्तरांनाही मिळतो.

ही खूण पंचविसाव्या एपॉकची वाट न बघता दिसते. तिच्या आलेखात व्हॅलिडेशन लॉस सातव्याला ०.५१, आठव्याला ०.५४, नवव्याला ०.५२, दहाव्याला ०.५७, बाराव्याला ०.६१ होता. आठव्याची उडी एकटी बघितली तर काही ठरत नाही, २०० फोटोंवर रेषा एवढी हलतेच. पण पाच एपॉकांत सातव्याचा तळ पुन्हा गाठला नाही, ट्रेनिंग लॉस मात्र प्रत्येक एपॉकला उतरत राहिला आणि चुकलेल्या फोटोंची सरासरी चढत गेली. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की बाराव्या एपॉकलाच थांबायचं आणि वजनं सातव्याची परत घ्यायची. केरासमध्ये हे आपोआप होतं, पण सांगावं लागतं:

```python
EarlyStopping(monitor="val_loss", patience=5,
              restore_best_weights=True)
```

शेवटची ओळ विसरू नका. ती लिहिली नाही तर ट्रेनिंग थांबतं खरं, पण हातात बाराव्या एपॉकची वजनं राहतात. पोरं हमखास इथं फसतात.

आता मेसेजवाल्याची एक गोष्ट मला मान्य करावी लागते, नाइलाजानं का होईना. लॉस चढत असताना अ‍ॅक्युरसी खरंच सुधारू शकते, तो भास नसतो. चुआन ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये आयसीएमएल परिषदेत मांडलेल्या कॅलिब्रेशनवरच्या निबंधात नेमकं हेच आहे. सीफार-१०० या चित्रसंग्रहावर त्यांचं रेसनेट लॉसच्या दृष्टीनं ओव्हरफिट होत गेलं आणि त्याच टप्प्यात चाचणीतल्या चुका २९ टक्क्यांवरून २७ वर आल्या. पण तो निबंध तिथं थांबत नाही. त्याचं सगळं म्हणणंच हे आहे की अशा मॉडेलनं सांगितलेल्या शक्यतांवर भरवसा ठेवता येत नाही, आणि त्यांनी उपायही दिलाय: सॉफ्टमॅक्सच्या आधीचे आकडे एकाच संख्येनं भागायचे आणि ती संख्या व्हॅलिडेशनच्या फोटोंवरून ठरवायची. त्यानं उत्तरांचा क्रम बदलत नाही, अ‍ॅक्युरसी तीच राहते, विश्वास तेवढा जमिनीवर येतो. तेव्हा उशिराचा एपॉक घ्यायचाच असेल तर हे करून घ्या. मेसेजमध्ये यातलं अक्षर नाही. शिवाय आमच्याकडे वाढ झाली ती २०० पैकी चार फोटोंची. दुसरे तीन प्लॉट व्हॅलिडेशनला घेतले असते तर ती उलटीही दिसली असती.

प्लॉट म्हटलं आणि तिसऱ्या मुद्द्यावर आलो. वरचे आकडे दिसले कारण दिवाळीनंतर मी तिला फोटो प्लॉटवार वाटायला लावले होते, आठ प्लॉट ट्रेनिंगला आणि तीन व्हॅलिडेशनला. त्याआधी तिनं रँडम ८०-२० केलं होतं आणि तेव्हा २५ एपॉकनंतरही दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून खाली गेल्या होत्या, व्हॅलिडेशन लॉस ०.०६! मॉडेल चांगलं होतं म्हणून नव्हे. ती एकाच पानाचे सात-आठ फोटो काढते, जरा डावीकडून, जरा जवळून. रँडम तोडल्यावर त्यातले सहा ट्रेनिंगमध्ये गेले आणि दोन व्हॅलिडेशनमध्ये. मॉडेलनं पान पाठ केलं, मागची लाल माती पाठ केली, आणि परीक्षेत तेच पान आलं. अशा वाटणीत ओव्हरफिटिंग कितीही झालं तरी रेषा वर जाणारच नाही, कारण पाठांतरालाच गुण मिळतात. वाटणी फोटोंची करायची नाही, प्लॉटांची करायची. सायकिट-लर्नमध्ये `GroupShuffleSplit` आहे, त्याला प्रत्येक फोटोचा प्लॉट क्रमांक `groups` म्हणून द्या.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. अंतर जवळजवळ नेहमी असतंच, मॉडेलनं बघितलेल्या फोटोंवर ते जास्त चांगलं चालणारच. तिच्या चौथ्या एपॉकलाही अंतर होतं, पण दोन्ही रेषा उतरत होत्या, म्हणजे शिकणं चालू होतं. अंतर किती आहे यापेक्षा व्हॅलिडेशनची रेषा कुठं निघालीय ते बघा.

आणि चौथ्या मुद्द्यामुळं तिच्या एका मैत्रिणीनं चांगला चाललेला कोड पुसून टाकला, म्हणून तेही सांगतो. सुरुवातीच्या एपॉकांत व्हॅलिडेशन लॉस खाली असणं अगदी साधी गोष्ट आहे. ट्रेनिंगच्या वेळी ड्रॉपआउट चालू असतो आणि ऑगमेंटेशननं फोटो फिरवलेले, अंधारलेले असतात, व्हॅलिडेशनला दोन्ही नसतं. शिवाय केरास ट्रेनिंग लॉस दाखवतं तो एपॉकभरातल्या बॅचेसची सरासरी म्हणून, म्हणजे त्यात एपॉकच्या सुरुवातीचं कच्चं मॉडेलही धरलेलं असतं, तर व्हॅलिडेशन लॉस एपॉक संपल्यावर मोजतात. खात्री करायची तर एपॉक संपल्यावर ट्रेनिंगचेच फोटो, ऑगमेंटेशन न लावता, `model.evaluate` ला द्या. तो आकडा व्हॅलिडेशनच्या खाली आला तर कोडला हात लावू नका. तरीही व्हॅलिडेशनच खाली राहिला तर आधी वाटणी तपासा, तिथं सोपे फोटो गेलेत का, एकाच पानाचे फोटो दोन्हीकडे आहेत का.