आपला विश्वासू

अभिनंदन! तुमचा पगार आता सबंध खात्याला पाठ झाला आहे. हे तुम्हाला कोणी येऊन सांगत नाही, ते आपोआप कळतं. ज्याच्याशी वर्षभरात चार वाक्यं बोलला नसाल, तो जिन्यात थांबून म्हणतो, "तुमचं काय बुवा, मजा आहे!" इन्क्रिमेंटची पत्रं यायची असतात तरी कोणीतरी पार्टी मागतं. आणि बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीत की पलीकडची बाई आवाज खाली आणून विचारते, "आता बरं आहे ना?"

पगाराचा आकडा आणि बुधवारच्या उपचारांची गोष्ट तुम्ही एकाच माणसाला सांगितली होती. त्याला आपण विश्वासू म्हणू. पत्राच्या शेवटी 'आपला विश्वासू' लिहून सही करणारे लोक आपल्याला खरोखर कधी दिसत नाहीत. हा दिसतो, आणि तुमच्याच शेजारी बसतो.

आता काय करायचं? पहिली गोष्ट म्हणजे विश्वासूकडे मुळीच जायचं नाही. आधी चौकशी लावायची. एकेकाला कोपऱ्यात गाठून विचारायचं, "माझ्या पगाराबद्दल तुझ्या कानावर काही आलंय का?" ज्यांच्या कानावर काहीच नव्हतं, त्यांनाही यामुळे आपण कशाला तरी मुकलो आहोत हे समजतं आणि ते कामाला लागतात. चौकशीत कोणी चुकीचा आकडा बोललं, तर तो तिथल्या तिथे दुरुस्त करायला विसरू नका. तसा तो चुकीचाच असणार. विश्वासूनं सीटीसी सांगितलेला असतो, ऐकणारा तो हातात पडणारा पगार समजतो आणि पुढच्याला सांगताना थोडी भर घालतो. तुम्ही कळवळून म्हणा, "छे हो, त्यात बोनस आणि भविष्यनिर्वाह निधीसुद्धा धरलाय, हातात एवढेच येतात." झालं! काल ती अफवा होती, आज तुमच्या तोंडून साक्षांकित प्रत निघाली. काही नीरस माणसं अशा वेळी "पगाराचं मी ऑफिसात बोलत नाही" एवढंच म्हणतात आणि चालू लागतात. आकडा बरोबर की चूक हे त्यांच्याकडून कोणालाच कळत नाही, त्यामुळे गप्पा पुढे सरकत नाहीत. लोकांचा केवढा हिरमोड होतो!

चौकशी संपली की विश्वासूला त्याची चूक कळवायची, पण आडून. स्टेटसला पाठीत खंजीर खुपसलेलं एखादं चित्र ठेवा. ते पाहून ज्यांनी काहीच केलेलं नाही असे पाच जण अस्वस्थ होतात. विश्वासू मात्र त्यावर हळहळणारा इमोजी पाठवून विचारतो, "कोण रे तो?" एवढ्यानं समाधान झालं नाही, तर रात्री अकरानंतर त्याला भलामोठा मेसेज लिहा. त्यात पगाराचा आकडा, आजाराचं नाव आणि डॉक्टरांचा सल्ला नीट नमूद करा, म्हणजे त्याला कुठल्या गोष्टी सांगायच्या नाहीत हे कळेल. पूर्वी बिचाऱ्याला सगळं आठवून सांगावं लागायचं, आता स्क्रीनशॉट आहे.

याहून कंटाळवाणा एक मार्ग आहे. तो टाळता यावा म्हणूनच सांगतो. समजल्यापासून एक-दोन दिवसांत, राग थोडा निवल्यावर, विश्वासूला एकट्याला गाठायचं आणि समोरासमोर म्हणायचं, "माझा पगार आणि बुधवारच्या रजेचं कारण तुझ्याकडून इतरांना कळलंय. ते मी फक्त तुला सांगितलं होतं. यापुढे या दोन्ही गोष्टी कुणाकडे काढू नकोस, आणि कुणी विचारलंच तर 'त्यालाच विचार' एवढंच म्हण."

बस. यात नाट्य कुठे आहे? "का सांगितलंस?" हा प्रश्नसुद्धा नाही. तो विचारला की विश्वासू कारण देणार, कारण आलं की वाद येणार, आणि वादात मूळ विनंती हरवणार. कोणाकडून कळलं तेही यात सांगितलेलं नाही, त्यामुळे तो त्या माणसाशी भांडायला जाऊ शकत नाही. त्यात शेवटचं वाक्य तर फारच रूक्ष. बरेच विश्वासू दुष्टपणानं नव्हे, तर कोणी विचारलं आणि चटकन काही सुचलं नाही म्हणून सांगून मोकळे होतात. त्यांना तोंडात ठेवायला आयतं वाक्य देऊन ठेवलं तर पुढच्या वेळी ते तेच वापरतात. मग आपल्याला रागवायला काही उरत नाही.

विश्वासू म्हणेल, "अरे, मी कौतुकानं सांगितलं," किंवा "ते सगळ्यांना माहीतच होतं." यावर तुम्ही उखडून मागच्या तीन वर्षांचा हिशेब काढायचा असतो. रूक्ष माणूस म्हणतो, "असेल, पण यापुढे नको." मग तो फक्त आणखी कोणाकोणाला सांगितलं तेवढं विचारून घेतो. ऐकलेल्यांना "ते विसरा हं" असं सांगत फिरणंही तो टाळतो, कारण विसरायला सांगितलेली गोष्ट माणसं जपून ठेवतात. फार तर उपचारांची गोष्ट ज्याला कळली, त्या एकाला तो "हे तुझ्यापाशीच राहू दे" म्हणतो.

विश्वासूला कंपनीच्या नियमांचा धाकही घालता येतो. "पगार सांगायला बंदी आहे, माहितेय ना?" असं दरडावून विचारा. तो नियम असलाच, तर पहिले तुम्हीच तो मोडलात हे त्याच्या लक्षात यायला अर्धा मिनिट लागतो. शिवाय असले नियम सगळीकडे टिकतही नाहीत. अमेरिकेत खासगी क्षेत्रातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना आपसात पगाराबद्दल बोलण्याचा हक्क १९३५ च्या कामगार कायद्यानं मिळतो. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यानुसार, पगारात भेदभाव होतोय का हे पाहण्यासाठी कोणी विचारपूस करत असेल, तर करारातलं गुप्ततेचं कलम त्याच्या आड येत नाही. तेव्हा विश्वासूकडे मागायची ती मैत्रीतली गोष्ट आहे, तिथे पोलिसाचा आवाज काढून फार काही हाती लागत नाही.

पण समजा, तुम्ही कोणालाच काही सांगितलं नव्हतं आणि विश्वासू पगारपत्रकं तयार करणाऱ्या टेबलावर बसतो. त्याला आकडा कळला तो कामामुळे. इथे मात्र मन मोठं करा आणि हसून सोडून द्या. कोत्या मनाची माणसं अशा वेळी त्याच्या वरिष्ठाला थेट लेखी कळवतात. कोणत्या तारखेला, कोणासमोर, कोणती माहिती बाहेर गेली एवढंच ते लिहितात, खुद्द आकडा मेलमध्ये घालत नाहीत आणि सीसीमध्ये सगळं खातं ठेवत नाहीत. असा मेल दोन माणसं वाचतात. त्यात काय मजा!

असो. समजा चुकून तुम्ही तो कंटाळवाणा मार्ग धरलात. विश्वासू ओशाळला, "चुकलं यार" म्हणाला, आणि पुढचे दोन महिने कोणाच्या तोंडून काही आलं नाही. मग इन्क्रिमेंटची पत्रं आली. विश्वासू आपली खुर्ची तुमच्याजवळ सरकवतो, इकडेतिकडे बघतो आणि स्वतःचा आकडा तुमच्या कानात सांगतो. तो तुमच्या आकड्यापेक्षा बराच मोठा आहे.

"कुणाला बोलू नकोस हं," तो म्हणतो.

तुम्ही मान डोलावता. जेवणाच्या सुट्टीला अजून वीस मिनिटं आहेत.