आधी कार्ड, मग फ्रिज

‘मामा, बोनसचे 24 हजार हातात आलेत. फ्रिजचे सहा हप्ते उरलेत, तेही बरोबर 24 हजारच. शिवाय क्रेडिट कार्डावर 90 हजार आणि पर्सनल लोनचे दोन लाख. सगळ्यात लहान ते आधी संपवू ना?’ नाशिकहून भाच्याने विचारलं.

नको. पूर्ण रक्कम कार्डात भर. फ्रिज बिनव्याजी हप्त्यांवर घेतला आहेस, तो लवकर फेडून एक रुपयाही वाचत नाही. कार्डाला मात्र महिन्याला साडेतीन टक्के व्याज, वर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 24 हजारांवर महिन्याला साधारण 990 रुपये जातात. फ्रिज आधी संपवलास आणि सुटलेला चार हजारांचा हप्ता दर महिन्याला कार्डात घातलास, तरी सहा महिन्यांत जवळजवळ चार हजार जास्त जातील. आणि थकबाकी असेपर्यंत ते कार्ड वापरू नकोस. नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

लहान कर्ज आधी फेडण्याचा सल्ला इथे अमेरिकेत फार चालतो. एक खातं बंद झालं की माणसाला हुरूप येतो, हे मला पटतं. इथे न्यू जर्सीतल्या माझ्या एका सहकाऱ्याने तसंच केलं, आणि ते योग्य होतं. तो एच-वन-बी व्हिसावर आहे. नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस. त्याला व्याजापेक्षा महिन्याचे बांधील हप्ते कमी करायचे होते. तुझीही नोकरी डळमळीत असेल तर मला सांग, हिशोब पुन्हा करू.

तुझे बाबा म्हणतात, घरकर्जाचं व्याज रुपयांत सर्वाधिक जातं, तेच आधी कमी करा. रुपयांचं त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण ते व्याज मोठ्या रकमेमुळे जास्त दिसतं. क्रम ठरवताना बघायचं ते एवढंच, की आज भरलेला एक रुपया किती व्याज थांबवतो.

कार्ड संपलं की पर्सनल लोन. मात्र तिथे इथल्यासारखं गृहीत धरू नकोस. इथे बहुतेक पर्सनल लोन मुदतीआधी फेडायला दंड नसतो. तिकडे स्थिर व्याजदराच्या कर्जावर बऱ्याचदा असतो, आणि सुरुवातीचे काही महिने जादा रक्कम घेतही नाहीत. मंजुरीपत्रात ‘फोरक्लोजर’ आणि ‘पार्ट पेमेंट’ या दोन ओळी वाच आणि दंड वजा करूनही काही उरतं का ते पाहा.

मावशीने मध्येच विचारलंय, गहाण ठेवलेल्या बांगड्या आधी सोडवू का? तिच्या सोनेतारण कर्जाचा दर कार्डापेक्षा खूपच कमी आहे, पण मुदत चुकली तर दागिन्यांचा लिलाव होऊ शकतो. मुदतीची तारीख कळल्याशिवाय मी तिला उत्तर देणार नाही. तेवढी पावती बघून मला कळव.